कथा डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी

रेडिओवर कथा सांगायची म्हटली की आपण मुलाच्या हातात छापील पान देतो आणि "सावकाश वाच, स्पष्ट वाच" एवढंच सांगतो. आमच्या पाचवीच्या एका मुलीचं असंच झालं. वाचन उत्तम, पण लांब वाक्यात तिचा दम संपला आणि तिने "रिकामी" आणि "घागर" यांच्या मध्येच श्वास घेतला. दोष तिला मिळाला. माझ्या मते चूक आम्हा मोठ्यांची होती, कारण संहिता आम्ही तयारच केली नव्हती.

ते वाक्य असं होतं : "पहाटेच विहिरीवर पाणी आणायला गेलेली, रात्रभर तापाने फणफणलेल्या नातवाच्या काळजीने झोप न लागलेली आजी रिकामी घागर घेऊनच घरी परतली."

यात "आजी" 14 व्या शब्दाला येते. कागदावर डोळा मागे जाऊन पुन्हा वाचतो, कानाला ती सोय नाही. कोण गेलं, हे कळेपर्यंत ऐकणाऱ्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. अशा ठिकाणी नुसते स्वल्पविराम वाढवून भागत नाही. "गेलेली", "लागलेली" अशी विशेषणं मोडून त्यांची क्रियापदं करायची आणि घटना घडल्या त्या क्रमाने मांडायच्या. आम्ही पुन्हा लिहिलं ते असं :

"नातू रात्रभर तापाने फणफणला होता. / आजीला झोप लागली नाही. // पहाटेच ती विहिरीवर गेली, पाणी आणायला. // आणि परतली / ती रिकामी घागर घेऊनच."

एक रेघ म्हणजे क्षणभर थांबणं, श्वास न घेता. दोन रेघा म्हणजे श्वास. रेघा पेन्सिलनेच करा. मूल मोठ्याने वाचताना जिथे अडतं, तिथे त्या सरकवाव्या लागतात. मात्र विशेषण आणि नाम यांच्यामध्ये दुहेरी रेघ कधीच नको.

वाक्यं तोडली की "ती" वाढतात. कथेत आजीबरोबर आईही असेल, तर "ती" म्हणजे कोण? तिथे नाव पुन्हा घ्या. तसंच "…असं आजी म्हणाली" हे शेवटी न ठेवता "आजी म्हणाली" आधी आणा, म्हणजे आवाज कोणाचा ते लगेच कळतं.

पण सगळीच वाक्यं चार-चार शब्दांची केलीत, तर कथा पाढ्यांसारखी ऐकू येते. शेवटच्या वाक्यात "घागर" आम्ही मुद्दाम उशिरा ठेवली. तिथे ऐकणाऱ्याने वाट बघायलाच हवी.

जमलं की नाही, हे कसं ओळखाल? कथा न वाचलेल्या एखाद्याला डोळे मिटून एकदाच ऐकवा आणि विचारा, "विहिरीवर कोण गेलं? का गेलं?" उत्तर अडखळलं, तर मुलाला पुन्हा वाचायला लावू नका. आधी वाक्य दुरुस्त करा.