खाते मोजले, माणसे मोजली नाहीत

पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना १३ ऑगस्ट २०२१ रोजी कामकाज संपताच रद्द झाला. त्यावेळी रिझर्व्ह बँकेने एक आकडा दिला होता. बँकेने सादर केलेल्या माहितीनुसार ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची संपूर्ण ठेव विम्यातून परत मिळेल, असा तो आकडा. वर्तमानपत्रांनी तो ठळक छापला आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आकडा खोटा नव्हता. पण तो ठेवीदारांचा होता, ठेवींचा नव्हता. उरलेल्या पाच टक्क्यांत कोण असते, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. पाच टक्के म्हणजे बडे धनिक, असे आपण गृहीत धरतो. कायदा वाचला म्हणजे कळते, की त्यात गरिबांचा एकत्र केलेला पैसाही येऊ शकतो.

आधी विमा आला कुठून ते पाहू. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँकही त्याच वर्षी गेली. त्यानंतर संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. सहकारी बँका त्याच्या कक्षेत आणण्याची दुरुस्ती १९६८ ची. आज हे काम रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा व पतहमी महामंडळ करते. विम्याचा हप्ता बँकेने भरायचा असतो, तो ठेवीदाराकडून घेता येत नाही. सुरुवातीला संरक्षण होते १५०० रुपयांचे. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षे तेथेच थांबले. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र बँकेवर निर्बंध आले, मुंबईचे ठेवीदार रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. कर्नाळाच्या ठेवीदारांचे नशीब एवढेच, की त्यांची बँक त्या तारखेनंतर बंद झाली. दोन वर्षे आधी झाली असती तर प्रत्येकाच्या हाती जास्तीत जास्त एक लाख पडले असते.

कर्नाळात काय घडले? सक्तवसुली संचालनालयाचा आरोप असा, की ६३ बनावट कर्जखात्यांमार्फत पाचशे कोटींहून अधिक रक्कम बाहेर काढून बँकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांशी संबंधित ट्रस्ट व क्रीडा अकादमीकडे वळवली गेली. अध्यक्ष माजी आमदार विवेक पाटील यांना जून २०२१ मध्ये अटक झाली. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. ठेवीदाराच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख वेगळी आहे. बँकेवर निर्बंध आले ते जून २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत. हाताला काम नाही, घरात आजारपण, आणि स्वतःच्याच खात्यातून किरकोळ रकमेपलीकडे पैसा काढता येत नाही. विमा होता, पण तो देय नव्हता. कारण त्यावेळच्या कायद्यात विम्याचे पैसे बँक अवसायनात निघाल्यावरच मिळत. निर्बंधांच्या काळात बँक ना जिवंत, ना मृत. असे चौदा महिने गेले, आणि परवाना रद्द झाल्यावर अवसायकाने याद्या करणे, महामंडळाने त्या तपासणे हा काळ आणखी वेगळा.

ही उणीव पुढे दूर झाली. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या कलम १८ अ नुसार बँकेवर निर्बंध आले, की ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची आहे. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, महामंडळाने ती ३० दिवसांत तपासायची आणि पुढच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे. बँकेच्या विलीनीकरणाची शक्यता असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून ही मुदत आणखी ९० दिवस लांबू शकते. कर्नाळाचा परवाना गेला आणि तीन आठवड्यांच्या आत ही दुरुस्ती लागू झाली.

आता रक्कम कशी मोजतात ते एका उदाहरणाने पाहू. एक सफाई कामगार निवृत्त झाला असे समजा. त्याची मुदत ठेव सहा लाखांची, तिच्यावर साठलेले व्याज ४५ हजार आणि बचत खात्यात ३५ हजार. ही तिन्ही एकाच माणसाची, एकाच बँकेतली. म्हणून शाखा वेगळ्या असल्या तरी बेरीज एकच होते, ६ लाख ८० हजार. त्याने त्याच बँकेकडून मुलीच्या लग्नासाठी कर्ज घेतले असून दीड लाख बाकी आहे. बँक आपले येणे आधी वळते करून घेते. उरले ५ लाख ३० हजार. त्यातले पाच लाख विम्यातून मिळतील आणि ३० हजारांसाठी तो अवसायकाच्या दारात उभा राहील. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. म्हणून बरोबर पाच लाखांची ठेव ठेवणाऱ्याचे व्याज पहिल्या दिवसापासून उघड्यावर असते. दुसरे, कर्ज मिळावे म्हणून नागरी बँकेचे जे शेअर्स घ्यावे लागतात ती ठेव नव्हे. त्यांना विम्याचा एक पैसाही मिळत नाही.

मर्यादा माणशी आहे असे आपण म्हणतो, पण कायद्याचे शब्द आहेत 'एकाच हैसियतीत व एकाच हक्काने'. पतीचे स्वतःचे खाते, पत्नीचे स्वतःचे खाते आणि दोघांचे संयुक्त खाते ही तीन वेगळी संरक्षणे होत. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तरी ते वेगळे धरले जाते. अज्ञान मुलाचा पालक म्हणून ठेवलेली ठेव वेगळी. उलट एकट्या मालकाच्या दुकानाचे खाते आणि त्याचे वैयक्तिक खाते मात्र एकच. म्हणजे ज्याला जाणकार सल्लागार आहे, तो घरातल्या चार नावांची फिरवाफिरव करून एकाच बँकेत वीस-पंचवीस लाख सुरक्षित करू शकतो. हे बेकायदेशीर नाही.

आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहा. वस्तीतल्या तीनशे घरांनी वर्षानुवर्षे वर्गणी काढून विहाराच्या बांधकामासाठी बारा लाख जमवले. कुणी महिन्याला पन्नास रुपये दिले, कुणी शंभर. हा पैसा समितीच्या नावाने एका खात्यात आहे. बँक बंद पडली तर कायद्याच्या लेखी ठेवीदार किती? एक. संरक्षण किती? पाच लाख. प्रत्येक घराचा वाटा सरासरी चार हजारांचा, तरी सात लाख विम्याबाहेर. गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी, कामगारांच्या पतपेढीची गंगाजळी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा शिष्यवृत्ती निधी, या साऱ्यांची गत हीच. टक्केवारी काढताना ही समिती 'मोठ्या' पाच टक्क्यांत जाते आणि चार नावांनी वीस लाख ठेवणारा श्रीमंत सुरक्षित पंच्याण्णवात बसतो. कायदा खाते मोजतो, खात्यामागची माणसे मोजत नाही.

यातला अन्याय हप्त्यात अधिक उघड दिसतो. बँक हप्ता भरते तो विमापात्र ठेवींच्या पूर्ण रकमेवर, केवळ पाच लाखांपर्यंतच्या भागावर नव्हे. एप्रिल २०२० मध्ये हा दर शंभर रुपयांमागे वर्षाला १२ पैसे झाला. त्या हिशेबाने समितीच्या बारा लाखांवर वर्षाला १४४० रुपये हप्ता होतो. हप्ता बारा लाखांवर, हमी पाच लाखांची. सामूहिक निधीसाठी सभासदसंख्येच्या प्रमाणात जादा मर्यादा असावी, ही मागणी म्हणूनच न्याय्य आहे. त्यासाठी लागणारे सभासदांचे रजिस्टर नोंदणीकृत संस्थांकडे असतेच.

मग उरलेल्या सात लाखांचे काय? ते बुडाले असे कायदा म्हणत नाही. अवसायक बँकेची कर्जे वसूल करतो, मालमत्ता विकतो आणि त्यातून देणी देतो. पण कलम २१ खाली महामंडळाने ठेवीदारांना दिलेली रक्कमही त्याच वसुलीतून परत करावी लागते आणि महामंडळ रांगेत पुढे उभे असते. कर्नाळाच्या प्रकरणात जप्त केलेली मालमत्ता अवसायकाच्या हाती देऊन ठेवीदारांची भरपाई करण्याचा मार्ग २०२५ मध्ये मोकळा झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परवाना गेल्यापासून तोवर चार वर्षे लोटली होती, आणि जमीन हाती येणे म्हणजे पैसा हाती येणे नव्हे. लिलाव व्हायचा असतो, त्याला हरकती येतात, तारखा पडतात. पाच लाखांपर्यंतचा माणूस मुदतीत सुटतो. त्यावरच्या रुपयाला मुदत नाही.

आणखी एका रेषेबाहेर आपले सर्वात जास्त लोक उभे आहेत. ती रेषा म्हणजे पतसंस्था. ठेव विमा फक्त बँकांना आहे. सहकारी पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना तिच्याकडे नसतो आणि महामंडळाचा विमाही नसतो. दारावर येऊन रोज वीस-पन्नास रुपये गोळा करणाऱ्या दैनंदिन ठेव योजनेत भाजीवाली, रिक्षावाला, नाका कामगार पैसे टाकतात, त्यांतल्या अनेक योजना पतसंस्थांच्याच. येथे पाच लाखांचा प्रश्नच येत नाही, संरक्षण शून्य आहे. ओळखायचे कसे? पासबुकावरचे पूर्ण नाव वाचा. 'पतसंस्था' किंवा 'क्रेडिट सोसायटी' असेल तर हा विमा नाही. 'बँक' असेल तरी महामंडळाच्या संकेतस्थळावरील विमाधारक बँकांच्या यादीत तिचे नाव शोधा.

विहार समित्यांच्या विश्वस्तांना कायद्याची एक बाब सांगणे भाग आहे. सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे ठेवावा हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ ने ठरवले आहे: शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक किंवा शासनाने मान्यता दिलेली सहकारी बँक. अर्धा टक्का जादा व्याजासाठी किंवा संचालक ओळखीचे म्हणून याबाहेर ठेव ठेवली आणि ती अडकली, तर जाब विश्वस्तांना द्यावा लागतो. म्हणून पुढच्या सभेत एवढा ठराव घ्या: निधी किमान तीन बँकांत विभागायचा, एका बँकेत व्याजासह पाच लाखांच्या आत ठेवायचा, आणि प्रत्येक खात्याचा पत्ता, सही करणारे पदाधिकारी व केवायसी दरवर्षी तपासायचे. दावा निघतो तेव्हा खात्यावर तीन वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांची सही असली, की पात्र असलेले पाच लाखही अडकून बसतात. बारा लाख तीन बँकांत चार-चार लाखांनी ठेवले, तर तीनशे घरांच्या पन्नास-पन्नास रुपयांतला एकही रुपया विम्याबाहेर राहत नाही.