पोत्याचा भाव आणि अंड्याचा भाव

कोंबडीखाद्याचे पोते महिनोन्महिने एकाच भावाने मिळते, मग अंड्याचा भाव रोज का बदलावा? पेण-अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर हजार-दोन हजार लेयर कोंबड्या पाळणाऱ्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्यातून निघणारा निष्कर्षही सरळ दिसतो: खर्च काढावा, त्यावर नफा चढवावा आणि तोच भाव बारमाही ठेवावा, मुंबईचा रोजचा रेट व्यापाऱ्यांनी बघावा. हे मत प्रामाणिक आहे, त्यात गिऱ्हाइकाला न लुबाडण्याची सचोटीही आहे. तरीही ते चुकीचे आहे, आणि त्याचा फटका नेमका ते पाळणाऱ्यालाच बसतो.

आधी खर्च मांडू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११२ ग्रॅम खाद्य खाते. खाद्य ३० रुपये किलो धरले, तर हे ३ रुपये ३६ पैसे झाले. हजार कोंबड्यांमागे ८५० अंडी मिळत असतील, तर एका अंड्यावर खाद्याचे ३ रुपये ९५ पैसे पडतात. तलंग ३५० रुपयांना तयार झाली आणि शेवटी कोंबडी ९० रुपयांना गेली, तर मधले २६० रुपये तिच्या तीनशे-सव्वातीनशे अंड्यांवर वाटून सुमारे ८५ पैसे येतात. मजुरी, वीज, औषधे आणि फूटतूट मिळून ७० पैसे. एकूण साडेपाच रुपये. आता मालकाने सहा रुपये कायम भाव लावला. त्यातली ५०० अंडी तो गावातल्या दुकानदारांना देतो. थंडीत घाऊक रेट ६ रुपये ८० पैशांवर गेला की सगळे दुकानदार याच्याच दारात येतात, कारण पनवेलहून टेम्पोने येणारे अंडे त्यांना सात रुपयांच्या वर पडते. सहाला घेतलेले अंडे ते बाजारभावानेच विकतात. गिऱ्हाइकाला दिलेली सवलत अशी मधल्यामध्ये मुरते. उन्हाळ्यात रेट ४ रुपये ८० पैशांवर उतरला की तेच दुकानदार पनवेलकडे वळतात. कोंबडी तर रोज अंडे घालतेच. चार दिवसांत ट्रे साचतात, आणि साचलेला माल नाइलाजाने साडेचारला द्यावा लागतो, कारण दुकानदारालाही तो शिळा होत चालल्याचे दिसते. म्हणजे तेजीत सहा आणि मंदीत साडेचार, सरासरी सव्वापाच. भाव सहाचा लावला, हाती खर्चापेक्षा कमी आले. कायम भाव तेजीत मालकाला बांधून ठेवतो, मंदीत दुकानदाराला मात्र मोकळा सोडतो. रेटवर वाहतुकीपोटी ३० पैसे चढवून तीच ५०० अंडी दिली असती, तर तेजीत ७ रुपये १० आणि मंदीत ५ रुपये १० पैसे, सरासरी ६ रुपये १० पैसे मिळाले असते. दिवसाला सव्वाचारशे रुपयांचा हा फरक आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, ५ रुपये १० पैशांना विकणे म्हणजे साडेपाचच्या खर्चाखाली विकणे. खरे आहे. पण अंडे घातले गेले तेव्हा तलंगेची किंमत आणि खाद्य दोन्ही खर्च होऊन गेलेले असतात. ते अंडे ठेवून खर्च परत येत नाही. किनाऱ्याच्या दमट उकाड्यात ते फक्त हलके आणि पातळ होत जाते. ५ रुपये १० पैशांतून आजचे खाद्य सुटते आणि वर १ रुपया १५ पैसे शिल्लक राहतात. नफा-तोट्याचा निवाडा कळपाच्या पूर्ण आयुष्याच्या सरासरीवर करायचा, एका मंद महिन्यावर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा रेट बाजाराचा नाहीच, समितीचा आहे. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली, ती व्यापारी ठरवतील तो भाव घेण्याच्या सक्तीतून पोल्ट्रीवाल्यांना सोडवण्यासाठी. तिचा शेकड्याचा रेट सुचवलेला असतो, बंधनकारक नसतो, आणि प्रत्यक्ष सौदा त्याच्या खालीवर होऊ शकतो. आक्षेपातला हा भाग मान्य करावा लागेल. म्हणून मोबाइलवर आलेला आकडा पाहून भाव लावू नये. आपल्या दुकानदाराला बाहेरचे अंडे आज दारात किती रुपयांना पडते, हे विचारून लावावा. रेट हे त्या चौकशीचे पहिले पाऊल. समितीचा आकडा फसवा आहे म्हणून पोत्याचा आकडा खरा ठरतो, हे मात्र कोणत्याच तर्काने निघत नाही.

कारण पोत्याचा भाव स्थिर असला, तरी अंड्यामागचे खाद्य स्थिर नसतेच, आणि कायम भावाच्या पुरस्कर्त्यांची खरी चूक इथे आहे. तेच ११२ ग्रॅम खाऊन ऐन भरातला कळप ९२ टक्के अंडी देतो, तेव्हा अंड्यामागे खाद्याचे ३ रुपये ६५ पैसे पडतात. उतरलेला कळप ७० टक्क्यांवर आला की ४ रुपये ८०. पोते तेच, भाव तोच, आणि अंड्यामागे १ रुपया १५ पैशांनी खर्च वाढला. त्यात एप्रिल-मेच्या घामट हवेत कोंबडी धापा टाकते, खाद्य कमी खाते, कवच पातळ होते आणि फूट वाढते. पावसाळ्यात मक्याला ओल लागून बुरशी धरली, तर उत्पादन आणखी घसरते. हे पोत्याच्या बिलात कधीच दिसत नाही. आठवड्याचे खाद्य भागिले आठवड्याची विकण्याजोगी अंडी, एवढा एक भागाकार केला की दिसते. शिवाय पोत्याचे स्थैर्यही उसने असते. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी भडकली की केंद्राने ऑगस्टमध्ये १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि ज्या मोजक्या ठिकाणांहून ती आणायची होती त्यात आपल्याच उरण तालुक्यातले न्हावा-शेवा बंदर होते. खर्चावर भाव बांधणाऱ्याने त्या वर्षी दुकानदाराला काय सांगितले असते? उलट बाजूनेही तेच. जानेवारी २०२५ मध्ये चिरनेरला बर्ड फ्लू आढळला. असे काही घडले की भीतीने गिऱ्हाईक आखडते, आणि खाद्याचा भाव मात्र जागचा हलत नाही.

मग खर्चाचा हिशेब कशासाठी? भाव ठरवण्यासाठी नाही, कळप ठरवण्यासाठी. वरच्या उदाहरणात मंदीचा घाऊक रेट ४ रुपये ८० पैसे आहे आणि ७० टक्क्यांच्या कळपाचा नुसता खाद्याचा खर्चही तितकाच. हा कळप दुकानापुरता फुकट खातो आहे. तो विकायला काढायची वेळही या किनाऱ्यावर ठरलेली आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताजी मासळी आटते आणि अंड्याला मागणी असते. गटारीला कोंबडीचा भावही चढतो. पुढे श्रावण लागतो आणि अंडे पडून राहते. म्हणून उतरता कळप गटारीआधी काढावा आणि नव्या तलंगा दिवाळीपर्यंत भरात येतील अशा बेताने भराव्यात. दुकानदाराच्या भावात दहा पैसे इकडेतिकडे करण्यापेक्षा या एका निर्णयात जास्त पैसा आहे.

कायम भावाला जागाच नाही असे नव्हे. नागाव, काशीद, दिवेआगरचे घरगुती निवासवाले आणि गावातली घरे घाऊक रेट बघत नाहीत. त्यांच्यापुढचा पर्याय म्हणजे दुकानातला नगावर मिळणारा भाव, आणि तो सावकाश हलतो. त्यांच्यासाठी महिनाभराचा एक भाव लावावा, तो घाऊकपेक्षा चढा असावा आणि तेजीतही त्यांचा ट्रे चुकवू नये. त्या भावात दुकानदाराला मात्र एकही पेटी देऊ नये. दुकानदाराचा भाव आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पनवेलचा पडता भाव विचारून बदलावा आणि फळ्यावर लिहावा. पुढच्या सोमवारपासून एवढे करून पाहा.