संदर्भसूचीतल्या लेखाचा पत्ता

आमच्या घरात 'ग्रंथपाल' हा शब्द माझ्याबरोबरच शिरला. तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथपालांना ई-मेल लिहायचा म्हणजे मामलेदार कचेरीत अर्ज करण्यासारखे वाटते, आणि आमच्यासारखी मुले 'उगीच कशाला त्रास!' म्हणून गप्प बसतात. मग दुसऱ्याच्या संदर्भसूचीतली ओळ, मूळ लेख न पाहताच, आपल्या निबंधाखाली जाऊन बसते. हे मला मुळीच पटत नाही.

अशी ओळ खोटीही असू शकते. व्हान डर गीर प्रभृतींचा, शास्त्रीय लेख कसा लिहावा यावरचा 2000 सालचा एक लेख जवळजवळ चारशे ठिकाणी संदर्भ म्हणून दिलेला आहे. लायडनचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांनी तो शोधू पाहिला, आणि 2017 साली उघड झाले की असा लेख नाही, ते नियतकालिकही नाही! एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून ती ओळ रचली होती.

उलट, खरा लेखही हुलकावणी देतो. समजा, सूचीत एवढेच आहे : 'श्रीनिवास, 1955, द सोशल सिस्टिम ऑफ अ मायसोर व्हिलेज'. ग्रंथालयाच्या संगणकावर हे नाव घातले तर बहुधा काहीच येत नाही. कारण तेथे ग्रंथांची नावे असतात, आतल्या लेखांची क्वचितच. हा लेख मॅकिम मॅरियट यांनी संपादित केलेल्या 'व्हिलेज इंडिया' या ग्रंथात आहे. जाणता ग्रंथपाल हे हुडकून काढतो. पण त्याला धागा आपण द्यायला हवा. 'श्रीनिवासांचे पुस्तक हवे' एवढ्याने तो काय शोधणार? मी असे लिहीन :

"मा. ग्रंथपाल, स. न. मी द्वितीय वर्ष कला शाखेत समाजशास्त्र शिकतो. पुढील संदर्भ मला एका लेखाच्या सूचीत मिळाला. मूळ लेख मी पाहिलेला नाही. सूचीतली ओळ जशीच्या तशी देत आहे. ज्या लेखात ती आहे त्याचे नाव व त्या पानाचे छायाचित्र सोबत आहे. आपल्या सूचीत लेखाच्या व लेखकाच्या नावाने शोधले, नोंद मिळाली नाही. हा एखाद्या संपादित ग्रंथातला लेख असावा काय? आपल्याकडे नसल्यास अन्य ग्रंथालयातून तेवढी पाने मिळू शकतील काय? निबंध पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला द्यायचा आहे."

'जशीच्या तशी' हे महत्त्वाचे. सालाची चूक वाटली तरी परस्पर दुरुस्ती करू नये, शंका वेगळी लिहावी. आपली दुरुस्तीच चुकली तर शोध भलत्याच कपाटाकडे जातो. 'पाहिलेला नाही' हे लिहायलाही लाजू नये. त्यावरूनच ग्रंथपालांना कळते की आधी ओळीचीच पारख करायची आहे.

आणि उत्तर 'असा लेख आढळत नाही' असे आले, तर ती ओळ आपल्या सूचीत घालू नये. मुद्दा हवाच असेल, तर जो लेख आपण वाचला त्याचे नाव द्यावे आणि 'तेथे उद्धृत' असे स्पष्ट लिहावे.