दाव्यांच्या मुदती विनंती पोहोचल्यापासूनच मोजाव्यात : बैठकीची नोंद आणि मागण्यांचे निवेदन

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक (आरोग्य विमा दावे),
विभागीय कार्यालय, नागपूर

विषय : भंडारा जिल्ह्यातील आमच्या ग्राहक कंपनीच्या समूह आरोग्य विमा पॉलिसीतील दावे निकाली काढण्याच्या मुदतींबाबत.

संदर्भ : १) गेल्या मंगळवारी आपल्या कार्यालयात झालेली बैठक. २) भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचे आरोग्य विम्याविषयीचे २९ मे २०२४ चे मुख्य परिपत्रक.

महोदय,

बैठकीत आपण, टीपीएचे प्रतिनिधी, ग्राहक कंपनीचा मनुष्यबळ विभाग आणि आम्ही ब्रोकर या नात्याने दावे निकाली काढण्याच्या मुदती ठरवल्या. ठरलेले लेखी असावे म्हणून ही नोंद आणि त्यासोबत आमच्या मागण्या सादर करीत आहोत.

परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. या आकड्यांवर आपला-आमचा वाद नव्हता. वाद होता तो घड्याळ कधी सुरू होते आणि मध्येच कोण थांबवू शकते, यावर. बैठकीचा बहुतेक वेळ त्यातच गेला. तेथे मांडलेले प्रकरण येथे पुन्हा नोंदवतो.

लाखनी तालुक्यात राहणाऱ्या एका कामगाराच्या आईच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया नागपूरच्या एका रुग्णालयात झाली. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णालयाने अंतिम बिल आणि डिस्चार्ज सारांश दुपारी १:४० वाजता टीपीएच्या पोर्टलवर चढवला. त्यावर ३:५० वाजता शेरा आला की शस्त्रक्रियेत बसवलेल्या इम्प्लांटचे स्टिकर जोडलेले नाही. ते मिळवायला कामगारालाच शस्त्रक्रिया विभागात पाठवण्यात आले. स्टिकर ५:०५ वाजता चढले आणि अंतिम मंजुरी संध्याकाळी ७:४० वाजता आली. टीपीएच्या नोंदवहीत हे प्रकरण दोन तास पस्तीस मिनिटांत, म्हणजे मुदतीत निघाल्याचे दिसते, कारण तेथे घड्याळ ५:०५ पासून धरले आहे. प्रत्यक्षात रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून पूर्ण सहा तास गेले. तोवर रुग्णालयाने आणखी एका दिवसाचे खोलीभाडे लावले आणि ते कुटुंबाने रोख भरले. हाड जोडलेल्या रुग्णाला घेऊन रात्री गावी निघणे शक्य नसल्याने कुटुंब तेथेच थांबले.

या प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. कॅशलेस दाव्याची कागदपत्रे विमा कंपनीने किंवा टीपीएने रुग्णालयाकडून घ्यायची आहेत, विमाधारकाकडून नाहीत, असे परिपत्रक सांगते. तीन तास उलटून गेल्यावर रुग्णालयाने जी जादा रक्कम लावली असेल, ती विमा कंपनीने आपल्या भागधारकांच्या निधीतून सोसायची आहे. त्यामुळे खोलीभाड्याचा हा बोजा कुटुंबावर पडायलाच नको होता.

बैठकीत पुढील मुद्दे मान्य झाले :

१. पहिल्या मंजुरीचा एक तास रुग्णालयाचा पूर्ण भरलेला अर्ज पोर्टलवर आल्याच्या क्षणापासून मोजला जाईल. अर्जात त्रुटी असल्यास ती त्याच तासात आणि एकाच वेळी कळवली जाईल.

२. अंतिम मंजुरीचे तीन तास डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून मोजले जातील. नंतर काढलेल्या शेऱ्याने घड्याळ पुन्हा शून्यावर जाणार नाही. रात्रपाळी, रविवार आणि सणाची सुटी यांना वेगळी मुदत नसेल.

३. उपचारादरम्यान रुग्ण दगावल्यास दाव्याचे काम तत्काळ हाती घेऊन पार्थिव लगेच ताब्यात मिळवून दिले जाईल.

४. कामगाराने आधी स्वतः केलेल्या खर्चाच्या दाव्याची भरपाई पंधरा दिवसांत होईल. कागदपत्रे कुरिअरने नागपूरला पोहोचल्याचा दिवस धरला जाणार नाही. कारखान्यातील मदत कक्षाने स्कॅन प्रती ईमेलने पाठवल्याचा दिवस पहिला मानला जाईल. त्रुटी असल्यास पहिल्या पाच दिवसांत सर्व शेरे एकाच पत्राने कळवले जातील. आज डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन, पुढच्या आठवड्यात तपासणी अहवाल, अशी तुकड्यातुकड्याने मागणी होणार नाही.

५. दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारायचा असेल तर पॉलिसीतील नेमके कलम लेखी दिले जाईल. दावा नाकारण्याआधी परिपत्रकानुसार आवश्यक असलेली दावे पुनरावलोकन समितीची मंजुरी घेतल्याचे त्या पत्रात नमूद असेल.

आपणही एक रास्त अडचण मांडली आणि आम्ही ती मान्य केली. नव्याने लागलेल्या कामगाराचे नाव टीपीएच्या यादीत चढलेले नसेल, तर रुग्णालयाचा अर्ज तासात मंजूर होणे शक्यच नाही. हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, त्यामुळे कंपनीच्या सीडी खात्यात शिल्लक नसेल तर नाव चढत नाही. म्हणून मनुष्यबळ विभाग नव्या आणि सोडून गेलेल्या कामगारांची यादी दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवील आणि सीडी खात्यात पुरेशी रक्कम ठेवील. यादी मिळाल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत आपण नावे चढवाल. एखादे नाव राहून गेले तर ते कोणाच्या टप्प्यावर राहिले, हे तारखांवरून लगेच कळेल.

वरील नोंदीच्या आधारे आमच्या मागण्या अशा :

१. ही नोंद आपल्याला मान्य असल्याचे सात दिवसांत लेखी कळवावे. दुरुस्ती असल्यास मुद्द्याचा क्रमांक देऊन सुचवावी.

२. लाखनी तालुक्यातील त्या कुटुंबाने भरलेले जादा खोलीभाडे परत करावे. बिल आणि पोर्टलवरील वेळांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

३. टीपीएच्या मासिक अहवालात प्रत्येक दाव्यासाठी रुग्णालयाची विनंती, पहिला शेरा, त्याचे उत्तर आणि अंतिम मंजुरी या चारही वेळा स्वतंत्र रकान्यांत द्याव्यात. नुसती सरासरी मुदत देऊ नये. दहा प्रकरणे एका तासात निघाली आणि एक सहा तास अडकले, तरी सरासरी चांगलीच दिसते. अडकलेले प्रकरण त्यात दिसत नाही.

४. रात्री आणि सुटीच्या दिवशी निर्णय घेऊ शकेल अशा आपल्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक मदत कक्षाला द्यावा. टीपीएकडून दोन तासांत हालचाल झाली नाही, तर तिसऱ्या तासातच त्या अधिकाऱ्याला कळवता आले पाहिजे. मुदत उलटल्यावर केलेल्या तक्रारीचा त्या रुग्णाला उपयोग नाही.

खोलीभाड्याच्या परताव्याची तक्रार आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आज स्वतंत्रपणे दाखल केली आहे. तेथे दाद मिळाली नाही तर संबंधित कामगाराला पुणे येथील विमा लोकपालांकडे जाण्यास आम्ही सर्व साहाय्य करू. ती वेळ येऊ नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आपला विश्वासू,
दावे विभाग प्रमुख,
विमा ब्रोकर, ग्राहक कंपनीच्या वतीने

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
१) मनुष्यबळ विभाग, ग्राहक कंपनी, जि. भंडारा
२) टीपीए, नागपूर शाखा

सोबत : अंतिम बिलाची प्रत, खोलीभाड्याची पावती, पोर्टलवरील वेळांच्या नोंदी