दोनदा खायचं की दर दोन तासांनी? पुस्तक विकत घेण्याआधी हे वाचा



गेल्या महिन्यात राशीनहून एक गृहस्थ तपासायला आले. वय ५६, आठ वर्षांपासून मधुमेह. पिशवीतून त्यांनी दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. एक थोरल्या मुलानं आणलेलं, दुसरं पुण्याच्या सुनेनं. "डॉक्टरसाहेब, हा म्हणतो दोनच वेळा खा, ती म्हणते दर दोन तासांनी खा. दोन्हीत माणसं बरी झाल्याचं लिहिलंय. मी कुणाचं ऐकू?"

महाराष्ट्रातल्या अर्ध्या घरांत हा वाद झालेला आहे. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांपासून प्रेरणा घेऊन त्यांनी दोन वेळा जेवणाची पद्धत गावोगावी पोचवली: कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. उठल्यावर लवकर काहीतरी खा आणि मग साधारण दर दोन तासांनी थोडं थोडं, असं त्यांनी २००९ च्या पुस्तकात सांगितलं. दोघांचे वाचक लाखोंनी आणि दोघांकडे कृतज्ञ माणसांच्या कहाण्या.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. "साहेब, अनुभव घेतलाय, आता पुरावा कशाला?" असं मला रोज ऐकवलं जातं. पण अनुभव हाच पुरावा असेल, तर एकमेकांच्या उलट असलेल्या या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या म्हणायच्या. म्हणजेच, कहाण्यांवरून यातलं काहीच ठरत नाही.

असं का होतं? समजा १०० जणांनी एखादं पुस्तक वाचून सुरुवात केली. ६० जणांनी महिन्यात सोडून दिलं, २५ जणांना फरक पडला नाही, १५ जणांचं वजन उतरलं. लेखकाला पत्र कोण लिहील? ते १५ जण. सोडून देणारा माणूस "माझाच निश्चय कमी पडला" म्हणून गप्प बसतो. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतलेत, पण पुस्तकात तुम्हाला ते १५ च दिसतात, ८५ दिसत नाहीत. त्यात कुणी खोटं बोलत नाही, तरी चित्र खोटं उभं राहतं. शिवाय त्या १५ जणांनी त्याच काळात साखरेचा चहा, बिस्किटं, फरसाण सोडलेलं असतं आणि चालायला सुरुवात केलेली असते. मग गुण कशाचा?

म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारा: तुलना कुणाशी केली? आपल्या वादाची सरळ तुलना झालेली आहे. प्राग शहरातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. टाइप २ मधुमेहाचे, गोळ्या घेणारे ५४ रुग्ण. प्रत्येकाने १२ आठवडे दिवसातून सहा वेळा खाल्लं आणि १२ आठवडे दोनच वेळा. निम्म्यांनी आधी हे, निम्म्यांनी आधी ते. दोन्ही काळांत एकूण उष्मांक सारखेच, गरजेपेक्षा रोज ५०० ने कमी. दोन जेवणांच्या काळात सरासरी वजन ३.७ किलो उतरलं, सहा वेळा खाताना २.३ किलो. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, मात्र दोन्हींत जवळजवळ सारखीच उतरली.

म्हणजे दोन जेवणवाले जिंकले? थोडेसे, वजनाच्या बाबतीत. पण एक गोष्ट बघा. त्या रुग्णांची दोन जेवणं म्हणजे सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण. संध्याकाळी काही नाही. आपल्याकडे मात्र लोक नाश्ता गाळतात आणि रात्री साडेनऊला भरपेट जेवतात. प्रागच्या अभ्यासाचा दाखला देऊन हे चालवता येणार नाही. अभ्यास ज्या गोष्टीचा झाला, पुरावा तेवढ्याच गोष्टीचा असतो.

दुसरा प्रश्न: पुस्तकात दिलेलं कारण खरं आहे का? "प्रत्येक वेळी खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, म्हणून कमी वेळा खा" हे ऐकायला सोपं आहे. पण इन्सुलिन उपाशीपोटी, झोपेतही थोडं थोडं स्रवत असतं. ते पूर्ण थांबलं तर जीव धोक्यात येतो. खाल्ल्यावर किती स्रवेल हे काय आणि किती खाल्लं यावर ठरतं. मूठभर शेंगदाणे आणि चार जिलब्या यांना शरीर एकच माप घालत नाही. "दर दोन तासांनी खाल्लं की चयापचय वाढतो" हेही तसंच. एकूण अन्न तेवढंच असेल, तर घास जास्त वेळा खाल्ल्यानं दिवसभरात जास्त ऊर्जा जळत नाही. कारण चुकीचं असूनही सल्ला उपयोगी पडू शकतो, हे मी मान्य करतो. दोन वेळा खाणाऱ्याचं मधलं अरबट-चरबट बंद होतं, हा फायदा खरा आहे. पण कारण चुकीचं असलं की माणूस चुकीच्या गोष्टीला जपतो. घड्याळात ५५ मिनिटं मोजतो आणि ताटात गुलाबजाम दुसऱ्यांदा वाढून घेतो.

मधुमेह खरोखर मागे हटतो तो बहुतेक वेळा वजन उतरल्याने. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ३०६ रुग्ण होते, सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला. निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० उष्मांकांचा द्रव आहार दिला, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. वर्षअखेर पहिल्या गटात ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या खाली होती, दुसऱ्या गटात ४ टक्के. हा ४ चा आकडा शेजारी आहे म्हणूनच ४६ ला अर्थ आहे. पुस्तकातल्या कहाण्यांशेजारी असा दुसरा आकडा नसतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: हे कुणी करू नये, हे लिहिलंय का? राशीनचे गृहस्थ सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. गोळी घेऊन नाश्ता गाळला, तर अकराच्या सुमारास घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मोटारसायकलवर असताना हे झालं तर? इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. 'डायरेक्ट'मध्ये मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुम्ही मनानं गोळी सोडू नका आणि मनानं जेवणही सोडू नका. आधी गोळ्यांचं वेळापत्रक बदलून घ्या.

त्या गृहस्थांना मी काय सांगितलं? दोन्ही पुस्तकं वाचा, पण कहाण्यांची पानं उलटून पुढे जा. त्यांची ग्लिमेपिराइड कमी केली. सकाळी नऊला भाकरी-भाजी-डाळ, संध्याकाळी सातच्या आत तसंच थोडं हलकं जेवण, मधे बिनसाखरेचा चहा किंवा पातळ ताक. पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि अकरा वाजता साखर मोजून वहीत लिहायची. ७० च्या खाली आली किंवा घाम सुटला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि मला फोन करायचा. तीन महिन्यांनी वजन आणि एचबीए१सी. फरक नसेल तर पद्धत बदलू, स्वतःला दोष द्यायचा नाही.

आणि तुम्ही? एसटी स्टँडवर किंवा यात्रेतल्या स्टॉलवर पुढचं पुस्तक उचलाल, तेव्हा मागच्या पानावरचे फोटो बघण्याआधी आत शोधा: तुलना कुणाशी, सोडून गेलेले किती, आणि कुणी करू नये. यातलं एकही उत्तर नसेल तर पुस्तक परत ठेवा. घेतलंच असेल, तर ते आणि तुमच्या गोळ्यांची पाकिटं एकत्र घेऊन दवाखान्यात या.