किती वाजले, ते नंतर

गेल्या पावसाळ्यातली एक फाइल अजून माझ्या टेबलावर आहे. भिवंडीजवळच्या एका कागदाच्या गोदामात छतालगतचा पाण्याचा पाइप फुटला आणि रिळांच्या थप्प्या भिजल्या. माल किती वेळ पाण्याखाली होता, यावर क्लेमचा बराच भाग अवलंबून होता. पुरावा म्हणून दोन फोटो आले. एक पाणी सुरू झाल्यावर हमालाने काढलेला, दुसरा पंप आल्यावरचा. दोन्ही व्हॉट्सॲपवरून फिरत आलेले, त्यामुळे कॅमेऱ्याने फोटोत नोंदलेली वेळ वाटेतच गळून पडली होती. नशिबाने दोन्हींत केबिनच्या दारावरचे भिंतीवरचे घड्याळ सापडले. मिनिटकाटा स्पष्ट होता. तासकाट्यावर मात्र ट्यूबलाइटची चमक पडलेली. मध्याजवळचा जाडसर बुंधा तेवढा दिसत होता, टोक काचेच्या उजेडात बुडालेले.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने पहिल्या फोटोत २ वाजून ३८ मिनिटे वाचली आणि दुसऱ्यात ५ वाजून १४. मधला काळ दोन तास छत्तीस मिनिटे. गोदामाचे मालक सांगत होते, "दीड तास झाला असेल, साहेब." असे सांगणारा प्रत्येक जण खोटेच बोलतो, असे मानायची या धंद्यात आपल्याला सवय लागते, आणि अहवाल जवळजवळ रवाना झाला होता.

मुलाने आकडेमोड चुकवली नव्हती. चुकला तो आधीच्या प्रश्नात. आपल्याला किती वाजले हे नको होते, किती वेळ गेला हे हवे होते. हे दोन प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी सुटतात.

आधी मिनिटकाटा घ्या. तो ३८ वरून १४ वर आला, म्हणजे छत्तीस मिनिटे पुढे गेला. मध्ये त्याने किती पूर्ण फेऱ्या मारल्या, हे तो सांगत नाही. त्यामुळे गेलेला वेळ ३६ मिनिटे, ९६ मिनिटे, १५६ मिनिटे किंवा अशाच साठ-साठच्या पुढच्या पायरीवर असणार. अधलामधला कुठलाच आकडा शक्य नाही. तासकाट्याने फक्त पायरी निवडायची. एका तासात तो ३० अंश सरकतो, म्हणून या पायऱ्या त्याच्या भाषेत १८, ४८ आणि ७८ अंशांच्या होतात. दोन फोटोंतल्या फरकात पंधरा अंशांहून कमी चूक असेल, तर पायरी चुकत नाही. पंधरा अंश म्हणजे तबकडीवर अर्ध्या तासाचे अंतर. इतकी सवलत बुंध्यालाही पुरते.

आमच्या फोटोंत बाराच्या रेषेपासून बुंध्याचा कोन पहिल्यात ९३ अंश आला आणि दुसऱ्यात १४२. प्रत्येकात सहा अंश इकडेतिकडे धरले. फरक ४९, आणि दोन्ही चुका उलट्या बाजूंना गेल्या तरी ३७ ते ६१. या पट्ट्यात ४८ ची पायरी बसते. १८ आणि ७८ दोन्ही बाहेर राहतात. उत्तर ९६ मिनिटे. मालकांचा दीड तास.

मग सहकाऱ्याचा एक तास वाढला कुठे? २:३८ ला तासकाटा ७९ अंशांवर हवा, ३:३८ ला १०९ वर. दिसला ९३ वर, जवळजवळ मध्यात. ४:१४ ला तो १२७ वर हवा, ५:१४ ला १५७ वर. दिसला १४२ वर, अगदी मधोमध. प्रत्येक फोटो सुटा वाचला की दोनदा नाणे उडवावे लागते, आणि त्याचे एकदा मागे पडले, एकदा पुढे. हा काटा तासचाकाच्या नळीवर नुसता दाबून बसवलेला असतो. तो मुळातच चौदा-पंधरा अंश फिरलेला असेल, तर प्रत्येक वाचनात तीच चूक येते, पण वजाबाकीत ती उडून जाते. मिनिटकाट्याचे वाचन अर्ध्या मिनिटापर्यंत नेमके असल्याने आम्ही लिहिले: एक तास छत्तीस मिनिटे, एक मिनिट कमी-जास्त. ४९ अंशांचे ९८ मिनिटे करून ९६ शी सरासरी काढायचा मोह काहींना होतो. कृपा करून काढू नका. तासकाट्यावरची एका अंशाची चूक दोन मिनिटांची असते.

हे कोन मिळवण्यातच खरे कष्ट आहेत. पहिला फोटो बाजूने काढलेला होता. तबकडी लंबवर्तुळाकार दिसत होती, रुंदी उंचीच्या सात-दशांश. अशा चित्रावर सरळ कोनमापक ठेवला तर काही दिशांना दहा अंशांपर्यंत चूक येते, आणि वर सांगितलेल्या सवलतीचा मोठा भाग तिथेच संपतो. म्हणून आधी तबकडीच्या कडेला लंबवर्तुळ बसवायचे, त्याच्या आखूड अक्षाच्या दिशेने चित्र ताणून वर्तुळ करायचे, आणि मग बारा-सहाच्या रेषेपासून मोजायचे. दुसरी खबरदारी काट्याच्या टोकाची. काटा तबकडीच्या वर उचललेला असतो, त्यामुळे बाजूच्या फोटोत त्याचे टोक भलत्याच खुणेवर पडलेले दिसते. तबकडीपासून एक सेंटिमीटर वर असलेला अकरा सेंटिमीटरचा काटा पंचेचाळीस अंशांतून पाहिला, तर बारा-सहाच्या आसपास ही चूक पाच अंशांची, म्हणजे जवळजवळ एका मिनिटाची होते. म्हणून खूण वाचू नका. काट्याच्या स्वतःच्या अंगावरून रेघ ओढा. त्याची दिशा बदलत नाही, फक्त जागा सरकते.

तासकाटा अजिबातच दिसत नसेल, तर हताश होण्याआधी चमक आणि झाक यांत फरक करा. काच स्वच्छ आहे, सगळी तबकडी दिसते आहे, तरी काटा एकच आहे, असे असेल तर दुसरा त्याच्याच खाली लपलेला असतो. दोन्ही काटे साधारण दर ६५ मिनिटे २७ सेकंदांनी एकमेकांवर येतात. त्यामुळे मिनिटकाटा २७ वर असताना तासकाटा लपला असेल, तर वेळ ५:२७ च. ४४ च्या आसपास लपला असेल, तर ८:४४. (मिनिटकाट्याची शेपटी लांब असलेल्या घड्याळांत उलटही होते: तासकाटा शेपटीवर झाकला जातो. हे एकदा मी स्वतः चुकवले आहे.) फक्त इथे काटा फिरून बसलेला असेल तर ही युक्तीही तेवढीच फिरते.

या रीतीच्या पलीकडचेही काही असते. घड्याळ बारा तासांनी पुन्हा तेच दाखवते, त्यामुळे ९६ मिनिटे की साडेतेरा तासांहून सहा मिनिटे जास्त, हे सावल्यांनी किंवा साक्षीने ठरवावे लागते. फोटोंचा क्रम उलटा लागला तर ९६ चे ६२४ होतात. आणि सेल्फी कॅमेऱ्याने आरशासारखे उलटे टिपलेले फोटो असले तर आमच्या ३६ ऐवजी २४ ची पायरी मिळाली असती. अंक नसलेल्या तबकडीवर हे चटकन लक्षात येत नाही, म्हणून चौकटीत कुठेतरी अक्षरे शोधा.

अहवालापूर्वी आम्ही गोदामात गेलो. घड्याळ अजून दारावर होते. मागची चकती फिरवून मिनिटकाटा बारावर आणला, तेव्हा तासकाटा सहा आणि सातच्या मध्ये, जवळजवळ निम्म्यावर थांबला. शिडी धरून उभ्या असलेल्या हमालाने वर पाहिले. "ते पडलं होतं गणपतीच्या आधी," तो म्हणाला, "काटा निघून आला होता. मीच दाबून बसवला."