अब्बांचे रात्रीचे जेवण

आमच्या घरात रात्रीचे जेवण पूर्वी इशानंतर, नऊ-साडेनऊला व्हायचे. दिवसभर शाळा, मग तपासायच्या वह्या, त्यामुळे चांगले सालन रात्रीच शिजे. सासरे अडुसष्ट वर्षांचे. जेवून दहाला आडवे होत आणि एक-दीडला उठून बसत. तोंडात आंबट पाणी, छातीत जळजळ, मग फजरपर्यंत डोळ्याला डोळा नाही. आम्ही विचारले की म्हणत, "वय झालं बेटी, आता झोप कुठली!"

आम्हालाही ते पटले होते. पण एकदा दोन आठवडे एका जुन्या वहीत रोज तीनच गोष्टी टिपल्या : शेवटचा चहा किती वाजता, जेवण कधी व काय, आणि जाग कधी आली. वही वाचली तेव्हा वयापेक्षा आमची चूलच जास्त दोषी दिसली. मटण, भजी किंवा तेलाची तर्री असलेल्या रात्री जाग ठरलेली. ज्या दोन दिवशी पाहुणे आले म्हणून जेवण लवकर उरकले, त्या दोन्ही रात्री अब्बा चारपर्यंत झोपले.

कारण साधे आहे. पोट रिकामे व्हायला दोन ते चार तास लागतात. तेलकट, तुपकट जेवणाला त्याहून जास्त. भरल्या पोटी आडवे झाले की पोटातले आम्ल अन्ननलिकेत वर चढते. बसलेल्या माणसाला ते कमी जाणवते, निजलेल्याला जागे करते. म्हणून काय खाल्ले याआधी कधी खाल्ले ते पाहावे. जेवण आणि अंथरूण यांत तीन तास हवेत.

आम्ही अब्बांचे ताट मगरिबनंतर लगेच वाढू लागलो. उन्हाळ्यात साडेसात होतात, हिवाळ्यात त्याआधीच. मग ते इशाला मस्जिदीत चालत जातात, तेवढीच शतपावली. मटण-मासे बंद केले नाहीत, दुपारी हलवले. सुट्टीच्या दिवशी ताजे, एरवी सकाळी शिजवून ठेवलेले. घरात खरी कुरकुर याचीच झाली, अब्बांची नव्हे, मुलांची!

पहिल्या आठवड्यात आमची चूक झाली. हलके म्हणजे पातळ, असे समजून नुसता दुधीचा शोरबा दिला, दोन वाट्या. अब्बा रात्रीतून दोनदा लघवीला उठले आणि तीनला भुकेने जागे झाले. उपाशी पोटही झोपू देत नाही. मग मुगाच्या डाळीची खिचडी ठरली. एका माणसाला पाव वाटी तांदूळ, पाव वाटी सालाची मूगडाळ. दोन्ही अर्धा तास भिजवून, दोन वाट्या पाणी, हळद, मीठ, आल्याचा लहान तुकडा. एक चमचा तुपात जिरे आणि चिमूटभर हिंग. लाल तिखट, गरम मसाला, तळलेला पापड नाही. सोबत दुधी किंवा दोडक्याची मऊ भाजी. खिचडीचा कंटाळा आला की एक ज्वारीची भाकरी आणि पातळ मूगडाळ, किंवा उकडलेले अंडे व मऊ भात. टोमॅटोची आंबट चटणी अब्बांना सोसत नाही. तुमच्याकडे दुसरे काही सोसत नसेल, ते वहीच सांगेल.

चहाची गोष्ट जेवणाइतकीच मोठी निघाली. मगरिबनंतरचा कडक चहा हा अब्बांचा जुना शौक. चहातल्या कॅफीनपैकी निम्मे पाच-सहा तासांनीही अंगात शिल्लक असते. म्हणजे सातचा चहा मध्यरात्री जागाच. आता शेवटचा चहा असरच्या आधी. पाण्याचाही मोठा वाटा दिवसा, रात्री आठनंतर घोट-दोन घोट. झोपताना अर्धा कप कोमट दूध देतो. त्याने झोप येते असे फार ऐकतो, आम्हाला तेवढा फरक दिसला नाही, पण अब्बांचे मन रमते. दुधाने जळजळ वाढते त्यांनी ते सोडावे.

तीन आठवड्यांनी वहीत जळजळीची एकच रात्र होती, भाच्याच्या वलीम्याची. लघवीला मात्र अजून एकदा उठावे लागते.

दोन गोष्टी स्वयंपाकघरातून सुटत नाहीत. मोठ्याने घोरता घोरता श्वास अडकून दचकून जाग येत असेल, किंवा गिळताना घास अडकत असेल, तर डॉक्टरांनाच दाखवावे. आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ व भाताचे प्रमाण त्यांना विचारूनच बदलावे, नाहीतर रात्री साखर उतरून घाम सुटतो, छातीत धडधडते. आमच्या शेजारच्या खालाजानना अशीच जाग येई आणि घरचे ती अपचनाची समजत होते.

रमजानमध्ये हे वेळापत्रक मोडते. तेव्हा आम्ही इफ्तारलाच खिचडी वाढतो, भजी दोनच, आणि तरावीहनंतर चहाची किटली चुलीवर चढवतच नाही.